घरघंटीत आधी काय सुधारावे? कानो पद्धतीच्या पाहणीचे आकडे आणि एक शंका

घरघंटीवाला

आमचा कोल्हापूरजवळ घरगुती पीठगिरण्या बनवण्याचा छोटा कारखाना आहे. एक अश्वशक्तीची मोटर, लाकडी फळीची पेटी, आत पात्यांचा चेंबर, गहू-बाजरी-बेसनासाठी वेगवेगळ्या जाळ्या आणि खाली पिठाचा डबा, असे आमचे नेहमीचे मॉडेल आहे. यंदा सुधारणेसाठी जेवढे पैसे बाजूला काढता आले आहेत, त्यांत एकच मोठे काम होऊ शकते. ते कोणते असावे यावरून घरात आणि कारखान्यात एकमत होत नव्हते, म्हणून भाच्याच्या सांगण्यावरून आम्ही कानो पद्धतीने पाहणी केली.

भाच्याने विक्रेत्यांच्या दुकानांत बसून 80 ग्राहकांना चार गोष्टींबद्दल प्रत्येकी दोन प्रश्न विचारले. गिरणीत अमुक गोष्ट असली तर कसे वाटेल हा पहिला, आणि नसली तर कसे वाटेल हा दुसरा. उत्तरे पाचच ठेवली होती: आवडेल, असे असायलाच हवे, फरक पडत नाही, चालवून घेईन, आवडणार नाही. दोन्ही उत्तरांची जोडी तक्त्यात पाहून प्रत्येक ग्राहकापुरती ती गोष्ट कोणत्या वर्गात पडते हे ठरवले. वर्गांना आम्ही आपली नावे दिली आहेत. जी असेल तर कोणी कौतुक करत नाही पण नसेल तर चिडतात ती ‘गृहीत’, जितकी जास्त तितके समाधान जास्त ती ‘चढती’, आणि नसल्याची तक्रार कोणी करत नाही पण असल्यास हरखून जातात ती ‘हरखवणारी’. उरलेले ग्राहक उदासीन, किंवा चक्क विरोधात.

दारातून पीठ बाहेर न सांडणे ही गोष्ट 52 जणांसाठी गृहीत, 18 जणांसाठी चढती, 4 जणांसाठी हरखवणारी ठरली आणि 6 जण उदासीन निघाले. कमी आवाज 39 जणांसाठी चढती, 14 जणांसाठी हरखवणारी, 11 जणांसाठी गृहीत, तर 16 उदासीन. दाणे संपल्यावर गिरणी आपोआप बंद होणे 36 जणांसाठी हरखवणारी, 12 जणांसाठी चढती, 9 जणांसाठी गृहीत, 20 उदासीन, आणि तिघांची उत्तरे परस्परविरोधी असल्याने बाजूला ठेवली. मोबाइलवरून गिरणी चालू-बंद करण्याबाबत 44 उदासीन, 15 हरखवणारी, 2 चढती, 1 गृहीत आणि 18 जण विरोधात.

माझा निष्कर्ष असा की पीठ न सांडणे गृहीत असल्यामुळे त्यावर खर्च करून कोणाचे समाधान वाढणार नाही, तेव्हा पैसे आपोआप बंद होण्याच्या सोयीवर लावावेत. या तर्कात काही चूक आहे का?

ऋग्वेद_पुणे

मी सॉफ्टवेअर उत्पादनांवर काम करतो आणि आमच्याकडे हीच पद्धत नेहमी वापरली जाते. तुमचा तर्क मला बरोबर वाटतो. या पद्धतीच्या आलेखात गृहीत गोष्टींची रेघ समाधानाच्या बाजूला चढतच नाही, त्यामुळे तिथे घातलेला पैसा दिसत नाही, आणि चार लोक शेजाऱ्यांना सांगतात ते हरखवणाऱ्या गोष्टींबद्दलच सांगतात. फक्त मोबाइलच्या सोयीबद्दल मी इतक्यात हात आखडता घेणार नाही. ग्राहकाने जी गोष्ट पाहिलेलीच नाही तिच्याबद्दल तो उदासीनच असणार, म्हणून 44 हा आकडा फारसा मनावर घेऊ नये.

नियतमान

गृहीत गोष्टीची रेघ समाधानाच्या बाजूला चढत नाही हे ऋग्वेद यांचे म्हणणे खरे आहे, पण ती असमाधानाच्या बाजूला फार खोल उतरते हा तिचा दुसरा अर्धा भाग आहे आणि धागाकर्त्यांचा सगळा प्रश्न त्या अर्ध्यातच आहे. गृहीत गोष्टीवर ‘आणखी’ खर्च करू नये, असे ही पद्धत सांगते. ती आज पुरी होत आहे की नाही, हे ती सांगतच नाही, कारण प्रश्नावलीत तुमच्या गिरणीबद्दल एक शब्दही नाही. प्रश्न ‘गिरणीतून पीठ सांडत नसेल तर’ असा आहे, ‘आमच्या गिरणीतून सांडते का’ असा नाही. तुमच्या गिरण्या आज सांडत नसतील तर तुमचा निष्कर्ष बरोबर ठरेल, आणि सांडत असतील तर तो अगदी उलटा होईल.

आकड्यांत हे दिसते. हरखवणारे आणि चढते मिळून जितके लोक, त्यांना विरोधक आणि विसंगत वगळून उरलेल्यांच्या संख्येने भागले की ती गोष्ट दिल्यास समाधान किती उचलले जाईल याचा अंदाज येतो. चढते आणि गृहीत मिळून तसेच भागले की ती न दिल्यास किती नाराजी ओढवेल हे कळते. पीठ न सांडण्याचा पहिला आकडा 0.28 आहे, पण दुसरा 0.88 आहे. आपोआप बंद होण्याचा पहिला 0.62 आणि दुसरा 0.27. म्हणजे सांडणाऱ्या गिरणीत आपोआप बंद होण्याची सोय बसवली, तर जिच्यामुळे 80 पैकी 70 जण नाराज होतात ती गोष्ट तशीच ठेवून जिच्या अभावाने 77 पैकी 21 जणच नाराज होतात ती दिल्यासारखे होईल. तुमच्या दुरुस्तीच्या वहीत काय आहे ते आधी सांगा.

मोबाइलबद्दल मात्र मी ऋग्वेद यांच्याशी असहमत आहे. नवी गोष्ट न पाहिल्यामुळे लोक उदासीन असू शकतात हे मान्य, पण 18 जण उदासीन नाहीत, विरोधात आहेत, आणि विरोध अज्ञानातून क्वचितच येतो. त्यांना कारण विचारले होते का?

सुनंदाकाकू

गिरणी कोणती घ्यावी हे विचारताय असे समजून लिहिते. माझ्याकडे नऊ वर्षे घरघंटी आहे आणि दळण अगदी छान होते, परंतु एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. जाळीच्या मागच्या कोपऱ्यात मूठभर पीठ अडकून राहते, तिथे ब्रश पोचत नाही आणि पावसाळ्यात आठवडाभर गिरणी चालवली नाही तर त्या पिठात जाळे धरून अळ्या होतात. मी विणकामाची सुई वाकवून ते पीठ काढते. घ्यायची असेल तर दार उघडून आत हात कुठपर्यंत जातो ते दुकानातच पाहून घ्या.

घरघंटीवाला

काकू, मी गिरणी घेत नाही, बनवतो. पण तुमचे लिहिणे वाचून खाली जाऊन आमच्या चेंबरमध्ये हात घालून पाहिला. तुम्ही म्हणता तो कोपरा आमच्याकडेही आहे. पाहणीत हा प्रश्नच नव्हता, कारण प्रश्न आम्ही कारखान्यात बसून ठरवले होते.

नियतमान, दुरुस्तीची वही काढली. गेल्या वर्षात घरी जाऊन केलेल्या दर 10 दुरुस्त्यांपैकी साधारण 4 पीठ उडण्याच्या आहेत. पाती फिरताना चेंबरमध्ये हवेचा दाब तयार होतो, ती हवा कापडी पिशवीतून बाहेर पडायला हवी. पिशवी पिठाने बुजली की हवा दाराच्या फटीतून वाट काढते, आणि दाराची रबरी गॅस्केट दीड-दोन वर्षांत कडक झालेली असली तर बारीक पीठ फटीतून फवाऱ्यासारखे बाहेर येते. नवीन गिरणी सांडत नाही, म्हणून आम्हाला ती अडचण वाटत नव्हती.

मोबाइलला विरोध करणाऱ्यांचे कारण भाच्याने टिपून ठेवले आहे. बहुतेकांचे म्हणणे असे की घरात कोणी नसताना किंवा मुलाचा हात आत असताना गिरणी लांबून चालू झाली तर काय करायचे. दार उघडले की मोटर बंद करणारा स्विच आमच्या गिरणीत आहे, तरीही त्यांना ते पटले नाही.

नियतमान

मग मोबाइलचा विषय मिटला असे मी धरतो. आता दुसऱ्या गोष्टीकडे येतो, जी मला पहिल्या निरोपापासूनच खटकते आहे. भाच्याने हे प्रश्न तोंडी विचारले, तेही दुकानात, विक्रेत्यासमोर. ‘दाणे संपल्यावर गिरणी आपोआप बंद झाली नाही तर कसे वाटेल’ याला लोकांनी नेमक्या कोणत्या शब्दांत उत्तर दिले, हे आठवते का?

घरघंटीवाला

भाच्याला विचारले. त्याच्या म्हणण्याप्रमाणे निम्म्याहून अधिक लोकांनी ‘चालेल की, आम्ही लक्ष ठेवतो’ या धर्तीचे उत्तर दिले आणि त्याने ‘चालवून घेईन’ वर खूण केली.

नियतमान

हीच भीती होती. यासाठी तक्ता जरा जवळून पाहू. असल्यास ‘असायलाच हवे’, ‘फरक पडत नाही’ आणि ‘चालवून घेईन’ या तिन्ही उत्तरांच्या ओळी त्या तक्त्यात अक्षरशः एकसारख्या आहेत. तिन्हींपैकी कोणतेही उत्तर द्या. नसल्यास ‘आवडणार नाही’ म्हटले की ती गोष्ट गृहीत ठरते आणि नसल्यास मधले काहीही म्हटले की उदासीन ठरते. म्हणजे विरोधक आणि विसंगत सोडले, तर पाच पर्याय दिसत असले तरी वर्ग ठरतो तो दोनच जागी: असल्यास ‘आवडेल’ म्हटले का, आणि नसल्यास ‘आवडणार नाही’ म्हटले का.

आता आपल्या माणसांचे बोलणे आठवून पाहा. समोर तरुण मुलगा वही घेऊन बसला आहे, शेजारी ओळखीचा दुकानदार उभा आहे, अशा वेळी ‘मला ते आवडणार नाही’ असे तोंडावर म्हणणारा माणूस विरळा. तो ‘चालेल हो’ म्हणतो. त्या एका ‘चालेल’मुळे जो ग्राहक खरे तर चढत्या वर्गात जायला हवा तो हरखवणाऱ्या वर्गात सरकतो, आणि गृहीत वर्गातला उदासीन होतो. सरकण्याची दिशा नेहमी एकच असते, त्यामुळे लोक वाढवले तरी ही चूक विरून जात नाही. तुमचे 36 हरखवणारे आणि 20 उदासीन यांतले किती खरे आणि किती भिडस्त, हे या आकड्यांवरून कळणार नाही. पीठ सांडण्याबाबत भीड आड आली नाही, कारण तिथे चीड खरीच होती.

माझी सूचना अशी की प्रश्न छापून ग्राहकाला घरी द्यावेत, नाव लिहायला सांगू नये, आणि नकाराचे उत्तर सौम्य न ठेवता ‘मला ते खटकेल’ असे करावे.

सांगलीचा_विक्रेता

मी गिरण्या विकतो, म्हणून दोन शब्द. आपोआप बंद होणारी गिरणी आता माझ्या दुकानात तीन कंपन्यांची आहे. दोन वर्षांपूर्वी गिऱ्हाईक ती पाहून थांबत असे, आता ‘यात ती सोय नाही का’ असे विचारून पुढच्या मॉडेलकडे वळते. दुसरे, आवाजाचे. फ्लॅटमधल्या आणि वाडी-वस्तीवरच्या गिऱ्हाइकाला एका मापाने मोजू नका. एका बाईंनी गिरणी परत आणली, कारण खालच्या मजल्यावरचे लोक दुपारी झोपतात.

घरघंटीवाला

आवाजाची उत्तरे वेगळी केली. फ्लॅटमध्ये राहणारे 34 होते. त्यांपैकी 22 जणांसाठी ती चढती, 9 जणांसाठी गृहीत, 2 हरखवणारी आणि फक्त 1 उदासीन. स्वतंत्र घरांतले 46. त्यांत 17 चढती, 12 हरखवणारी, 2 गृहीत आणि 15 उदासीन. नाराजीचा आकडा फ्लॅटमध्ये 0.91 येतो आणि स्वतंत्र घरांत 0.41. एकत्र केल्यावर तो 0.63 दिसत होता, जो या दोघांपैकी कोणाचाच नाही.

छापील प्रश्नावल्या 50 जणांना दिल्या आहेत. तीन आठवड्यांनी लिहितो.

ऋग्वेद_पुणे

विक्रेत्यांच्या निरोपात मला वेगळेच उत्तर दिसते. भीड असो वा नसो, ती सोय हरखवणारी होती आणि आता खाली घसरते आहे. ही घसरण या पद्धतीतच मानलेली आहे.

नियतमान

घसरण होते हे खरे आणि त्याचे चांगले उदाहरण खुद्द नोरिआकी कानो यांनीच दिले आहे. ते टोकियो विज्ञान विद्यापीठात प्राध्यापक होते आणि सहकाऱ्यांबरोबरचा त्यांचा मूळ लेख 1984 चा आहे. दूरचित्रवाणी संचाच्या रिमोटबद्दल जपानी ग्राहकांना वेगवेगळ्या वर्षी हेच प्रश्न विचारले गेले, तेव्हा 1983 मध्ये रिमोट हरखवणारा होता, 1989 मध्ये चढता झाला आणि 1998 मध्ये गृहीत. ज्याला आपण इथे गृहीत म्हणतो त्याला जपानीत ‘अतारिमाए’ म्हणतात, म्हणजे ‘त्यात काय सांगायचे’ असे.

पण त्या घसरणीला पंधरा वर्षे लागली. इथे दोन वर्षांत झाली की पहिल्या पाहणीतच आकडा चुकला होता, हे विक्रेत्यांच्या अनुभवावरून ठरवता येणार नाही. दोन्ही कारणे एकाच दिशेला ढकलतात, म्हणून ती वेगळी करणे अवघड आहे.

घरघंटीवाला

50 पैकी 32 प्रश्नावल्या भरून परत आल्या. आपोआप बंद होणे 13 जणांसाठी चढती, 11 जणांसाठी हरखवणारी, 3 जणांसाठी गृहीत आणि 5 उदासीन. समाधानाचा आकडा 0.62 वरून 0.75 झाला, पण नाराजीचा 0.27 वरून थेट 0.50 झाला. पीठ सांडण्याचे आकडे जवळजवळ जागचे हलले नाहीत.

काकूंचा प्रश्न या वेळी घातला होता: ‘आतला प्रत्येक कोपरा हाताने साफ करता येत असेल तर’. त्यावर 32 पैकी 19 जणांनी असल्यास ‘आवडेल’ आणि नसल्यास ‘खटकेल’ असे लिहिले. तीन जणांनी समासात काहीतरी लिहून पाठवले आहे. एकीने पिठाच्या अळीचे चित्र काढले आहे.

ऋग्वेद_पुणे

मी माझे पहिले मत अर्धे मागे घेतो. पीठ सांडण्याकडे आधी लक्ष द्यायला हवे होते. परंतु नव्या आकड्यांवर एवढा भार टाकू नये असे मला वाटते. माणसे वेगळी, कागद वेगळा आणि शब्दही वेगळे. ‘आवडणार नाही’ ऐवजी ‘खटकेल’ लिहिल्याने लोक तिकडे ढकलले गेले नसतील कशावरून? शिवाय 18 जणांनी प्रश्नावली परतच केली नाही, आणि ज्यांना काही म्हणायचे असते तेच लोक ती परत करतात.

नियतमान

आक्षेप योग्य आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायला हवी होती आणि ती चूक माझ्या सूचनेतली आहे. 32 जणांत 13 आणि 11 यांतला फरक हा फरकच नाही, त्यामुळे ही सोय ‘चढती झाली’ असे मी म्हणणार नाही. एवढेच म्हणेन की ती निखळ हरखवणारी आहे हे गृहीतक आता टिकत नाही. म्हणजे ती न दिल्यास काही बिघडत नाही असे समजून पुढे ढकलण्याची मोकळीक उरली नाही.

एक तांत्रिक शंका. दाणे संपल्याचे तुम्ही कशावरून ओळखणार?

घरघंटीवाला

मोटर रिकामी फिरू लागली की वीजप्रवाह उतरतो, तेवढ्यावरून. एक सर्किट लागते, गिरणीमागे साधारण 400 रुपये वाढतात. अडचण अशी की ओलसर ज्वारी किंवा हरभऱ्याची डाळ कधीकधी वरच्या हॉपरच्या तोंडाशी कमान धरून अडकते. तेव्हाही प्रवाह उतरतो आणि अर्धे दळण बाकी असताना गिरणी बंद पडते. नमुन्याच्या गिरणीत दहा दळणांत दोनदा असे झाले.

नियतमान

मग प्रश्नावलीत जी सोय तुम्ही विचारली ती आणि जी देणार आहात ती एक नाही. ग्राहकाने ‘दाणे संपल्यावर बंद होते’ याला होकार दिला आहे, ‘दाणे अडकल्यावरही बंद होते’ याला दिलेला नाही. हॉपरचा उतार वाढवून किंवा तोंड रुंद करून आधी ते अडकणे थांबवावे लागेल, नाहीतर हरखवायला म्हणून दिलेली सोय तक्रारीच्या वहीत पीठ सांडण्याच्या शेजारी जाऊन बसेल.

सांगलीचा_विक्रेता

हे अडकणे त्या तीन कंपन्यांच्या गिरण्यांतही होते. गिऱ्हाईक हॉपरवर चापट मारते आणि पुन्हा बटण दाबते.

सुनंदाकाकू

माझे म्हणणे एवढेच की दार पूर्ण निघेल असे करा, मग गॅस्केटही आम्हीच बदलू आणि कोपराही आम्हीच पुसू. मेकॅनिकची वाट पाहत कणकेविना बसावे लागणार नाही.

घरघंटीवाला

काकू, खिळीवर बसणारे आणि उचलून काढता येणारे दार हाच सध्या आमचा विचार आहे. त्यात गॅस्केट सिलिकॉनची आणि खाचेत दाबून बसणारी राहील, आणि कापडी पिशवी समोरून निघेल अशी जागा करतो आहोत, म्हणजे ती धुतली जाईल आणि हवा कोंडणार नाही. पीठ सांडणे आणि कोपरा साफ करणे या दोन्हींना एकच साचा पुरतो, त्यामुळे यंदाचे पैसे तिथेच जातील. आवाजासाठी फ्लॅटच्या गिऱ्हाइकांना पायाखालचे जाड रबर वेगळे विकत देऊन पाहणार आहे. त्याने खालच्या मजल्याला जाणारी थरथर कमी होते, पात्यांचा आवाज मात्र तसाच राहतो.

आपोआप बंद होण्याची सोय हॉपरचे अडकणे सुटेपर्यंत थांबवली आहे. त्याआधी पाहणी पुन्हा करायची झाली तर ‘खटकेल’ ठेवायचे की ‘आवडणार नाही’, यावर तुम्हा दोघांचे एकमत झाले तर कृपया इथे लिहा, छपाई महिनाअखेर द्यायची आहे.

ऋग्वेद_पुणे

निम्म्या प्रतींवर एक शब्द आणि निम्म्यांवर दुसरा छापा.

नियतमान

छापा, पण मग निदान 100 प्रती तरी वाटाव्या लागतील, आणि कोणती कोणाला जाते हे भाच्याने ठरवू नये.